हाय पास ओव्हरले की स्मार्ट शार्पन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटोशॉपमध्ये फोटो शार्प करायचे हे दोन रस्ते बहुतेक जण वापरतात आणि दोन्हीबद्दल मला सारखे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. उदाहरणाला एकच फोटो घेतलाय, म्हणजे तुलना करता येईल. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर, पावसाळ्यातलं पांढरंफट्ट आकाश, काळ्या दगडाची कोरीव कड त्या आकाशावर आलेली, आणि पुढे माझी आत्या मोरपंखी पैठणी नेसून उभी. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल, आयएसओ ८००. या एका फोटोत शार्पनिंगची झाडून सगळी दुखणी आहेत, दगड आहे, त्वचा आहे, जर आहे, उजळ आकाश आहे आणि सावलीतला ग्रेनपण आहे.

दोन्ही शेवटी शार्पच करतात ना, मग फरक कसला?

मूळ युक्ती एकच आहे. फोटोची एक ब्लर केलेली प्रत घ्यायची, ती मूळ फोटोतून वजा करायची, जे उरतं ते म्हणजे कडा आणि बारीक तपशील, आणि ते उरलेलं परत फोटोत मिसळायचं. त्यामुळे कडेच्या उजळ बाजूला आणखी उजळ पट्टी येते, काळ्या बाजूला आणखी काळी, आणि डोळ्याला वाटतं की कड धारदार झाली. हीच पट्टी जाड झाली आणि दिसायला लागली की आपण तिला हेलो म्हणतो.

फरक आहे तो मिसळायच्या पद्धतीत. हाय पासमध्ये ते उरलेलं तपशील एका राखाडी लेयरवर दिसतं, जिथे काही नाही तिथे सपाट मधला राखाडी म्हणजे १२८, आणि कडांवर त्यापेक्षा थोडं उजळ किंवा थोडं काळं. हा लेयर ओव्हरले मोडमध्ये टाकला की राखाडी भाग गायब होतो आणि फक्त कडा काम करतात. स्मार्ट शार्पनमध्ये हे सगळं आतल्या आत होतं आणि तपशील सरळ बेरीज-वजाबाकी करून मिसळलं जातं, वर ग्रेन ओळखायचा आणि ब्लरचा प्रकार निवडायचा थोडा शहाणपणा त्यात घातलेला असतो.

आता ओव्हरलेची खरी गंमत बघा, कारण पुढचे निम्मे प्रश्न इथूनच निघतात. ओव्हरले सगळीकडे सारखा जोर लावत नाही. खालचा पिक्सेल मधल्या उजेडाचा असेल तर पूर्ण जोर, आणि जसजसा तो पांढऱ्याकडे किंवा काळ्याकडे सरकेल तसा जोर कमी कमी होत शून्यावर येतो. आकड्यात सांगतो. आमच्या फोटोत आकाश २३५ आहे आणि शिखराचा दगड ६०. ब्लर वजा केल्यावर कडेवर ४० चा फरक उरला असं धरा. ओव्हरलेमध्ये आकाशाची बाजू २३५ वरून फक्त २४१ होते, आणि दगडाची बाजू ६० वरून ४१. हेच सरळ बेरजेने, म्हणजे स्मार्ट शार्पन १०० टक्क्यावर आणि बाकी सगळं शून्यावर ठेवून केलं तर आकाश २७५ व्हायला निघतं, ते शक्य नाही म्हणून २५५ ला जाऊन आपटतं, म्हणजे कोरं पांढरं, आणि दगड २० वर येतो. पण कोरीव कामाचा जो भाग अर्ध्या उजेडात आहे, साधारण १२८ च्या आसपास, तिथे दोन्हीकडे बरोब्बर ४० चाच फरक पडतो. म्हणजे मधल्या टोनमध्ये दोघं सख्खे भाऊ, आणि टोकांना गेलं की वेगळे.

हाय पास करायची नीट पद्धत काय?

सगळं रिटचिंग संपल्यावर करायचं, हे आधी सांगतो, कारण पुढे याचाच एक किस्सा आहे. सगळ्यात वर एक एकत्रित लेयर बनवायचा, `Ctrl+Alt+Shift+E`, मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड आणि ऑल्टऐवजी ऑप्शन. मग `Filter > Other > High Pass`. रेडियस अगदी खालून सुरू करून हळूहळू वाढवायचा, राखाडीत कडा नुसत्या दिसायला लागल्या की थांबायचं. कडांच्या आत रंग किंवा चेहऱ्याचा आकार ओळखू यायला लागला म्हणजे रेडियस जास्त झाला. २४ मेगापिक्सेलच्या फोटोला मी १ ते २ च्या मध्ये असतो, गोंदेश्वरच्या दगडाला १.५ ठेवला. मग लेयरचा मोड `Overlay`, आणि ओपॅसिटी १०० वरून खाली आणत आणत जिथे फोटो परत नैसर्गिक वाटेल तिथे सोडायची.

रेडियस १०, २०, ४० असा नेलात तर ते शार्पनिंग राहतच नाही, तो लोकल कॉन्ट्रास्ट होतो, क्लॅरिटीसारखा. दगडाला तो कधीकधी छान दिसतो पण शिखराभोवती आकाशात धुरकट उजळ वलय येतं, आणि आत्याच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या एकदम दहा वर्षं पुढे जातात. माणूस असलेल्या फोटोत मी तो पूर्ण फोटोवर कधीच लावत नाही.

ओव्हरलेच का? सॉफ्ट लाइट किंवा लिनिअर लाइट चालेल का?

चालेल, पण काय बदलतं ते माहीत हवं. सॉफ्ट लाइट म्हणजे तेच काम पण बरंच हलकं, चेहऱ्याला बरं पडतं. लिनिअर लाइट मात्र वेगळी जात आहे, तो टोकांना जोर कमी करत नाही, सगळ्या टोनवर सारखाच आणि दुप्पट लावतो. म्हणून लिनिअर लाइट ५० टक्के ओपॅसिटीला ठेवला की तुम्ही जवळजवळ साधा अनशार्प मास्कच केलेला असतो, आणि हाय पासचा जो खरा फायदा, आकाश आणि गडद सावली वाचणं, तो हातचा जातो. कुठल्यातरी व्हिडिओत बघून लिनिअर लाइट लावला आणि मग कडा पांढऱ्या का झाल्या असं विचारणारे बरेच असतात, त्यांना उत्तर हेच.

हाय पास केल्यावर रंग बदलल्यासारखे वाटतात, भास आहे का?

भास नाही. दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि लोक पहिलीच दुरुस्त करून सोडून देतात.

पहिली अशी की हाय पासचा लेयर पूर्ण राखाडी नसतो. पैठणीचा मोरपंखी रंग आणि शेजारची सोनेरी जर, या दोघांच्या लाल चॅनलमध्ये प्रचंड फरक आहे, निळ्यात वेगळा फरक आहे, त्यामुळे त्या कडेवर राखाडीऐवजी रंगीत रेघ उरते आणि ती ओव्हरलेने परत फोटोत ओतली जाते. जरीच्या कडेला केशरी-निळसर झालर दिसते ती हीच. यावर उपाय सोपा, हाय पासच्या लेयरवर `Ctrl+Shift+U` करून रंग काढून टाका. लेन्समुळे आलेली जांभळी कड असेल तर ती रॉ उघडतानाच काढा, नंतर ती पण शार्प होऊन बसते.

दुसरी गोष्ट राखाडी केल्यावरही जात नाही, आणि ती त्वचेवर दिसते. ओव्हरले लाल, हिरवा, निळा असा प्रत्येक चॅनलवर वेगवेगळा चालतो, आणि वर सांगितलं तसं चॅनल जितका टोकाला तितका जोर कमी. आत्याच्या गालाचा उजळ भाग साधारण लाल २२०, हिरवा १७०, निळा १४०. तिथे उजळ बाजूला २० ची कड आली तर लाल वाढतो ५ ते ६ ने, हिरवा १३ ने आणि निळा चक्क १८ ने. लाल आणि निळ्यातलं अंतर ८० होतं ते ६८ वर आलं, म्हणजे तो भाग फिका, पिठूळ झाला. आणि त्याच कडेच्या काळ्या बाजूला उलटं, निळा जास्त खाली जातो, अंतर ९२ होतं, म्हणजे तिथे नारिंगी. १०० टक्के झूम करून बघितलं तर सुरकुतीच्या एका बाजूला पावडर लावल्यासारखं आणि दुसऱ्या बाजूला तांबूस, असं दिसतं. लांबून बघताना हे कळत नाही, फक्त "त्वचा जरा मातीची वाटतेय" असं काहीतरी जाणवत राहतं.

यावर पक्का उपाय ल्युमिनॉसिटी मोड. पण लेयरचा मोड तर ओव्हरलेने अडवलाय, मग कसं? एकत्रित लेयरला आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करा, त्यावर हाय पास स्मार्ट फिल्टर म्हणून लावा, लेयर पॅनलमध्ये फिल्टरच्या नावाच्या उजवीकडे स्लायडरचं छोटं चिन्ह असतं त्यावर डबल क्लिक करून तिथे ओव्हरले निवडा, आणि मग पूर्ण लेयरचा मोड `Luminosity` करा. आता उजेड तेवढा शार्प लेयरचा आणि रंग खालच्या मूळ फोटोचा, दोन्ही तक्रारी एकदम मिटतात. एवढा खटाटोप सगळ्या फोटोंना करायची गरज नाही, निसर्गचित्राला नुसतं रंग काढणं पुरतं, माणसांच्या फोटोला मात्र मी करतोच.

शार्प केल्यानंतर वायर काढली, तरी तिची रेघ दिसतेच आहे, हे काय आहे?

हा तो किस्सा. गोंदेश्वरच्या फोटोत कोपऱ्यातून एक विजेची वायर गेली होती. मी आधी हाय पास करून बसलो, मग खालच्या लेयरवर वायर हीलिंग ब्रशने काढली, स्क्रीनवर पूर्ण फोटो बघितला, छान वाटला, आणि १२ बाय १८ इंचाचा प्रिंट काढून आत्याला फ्रेम करून दिला. फ्रेम भिंतीवर लागल्यावर बाजूने उजेड पडला आणि आकाशाच्या खालच्या करड्या ढगांत एक बारीक रेघ, कोऱ्या कागदावर नखाने ओढल्यासारखी, उजळ-काळी-उजळ. वायर नव्हती, पण वायरच्या कडा होत्या.

कारण असं की हाय पासचा लेयर हा त्या क्षणीचा फोटो असतो, खाली तुम्ही नंतर काय केलंत ते त्याला कळत नाही. खालची वायर गेली पण वरच्या राखाडी लेयरमध्ये तिचा ठसा तसाच राहिला आणि तो आता साफ केलेल्या आकाशावर उमटतोय. पांढऱ्या आकाशात ओव्हरलेचा जोर कमी म्हणून तिथे रेघ लपली, आणि करडा ढग मधल्या टोनचा म्हणून तिथे उघडी पडली, म्हणून मला स्क्रीनवर चटकन दिसली नाही. चेहऱ्यावरचा पुटकुळीचा डाग नंतर काढला की त्याच जागी उठावदार गोल वळ दिसतो, तो पण हाच प्रकार.

ओळखायची खूण सोपी आहे, हाय पासच्या लेयरचा डोळा बंद-चालू करून बघा, रेघ त्याच्यासोबत येत-जात असेल तर ती तिथलीच. दुरुस्तीही सोपी आहे, सुरुवातीपासून करायला नको. हाय पासच्या लेयरवरच उभं राहून मधला राखाडी रंग, तिन्ही आकडे १२८, घ्या आणि मऊ ब्रशने त्या रेघेवरून फिरवा. राखाडी म्हणजे ओव्हरलेला काहीच नाही, तिथलं शार्पनिंग पुसलं जातं. लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट असेल तर त्यावर थेट रंगवता येत नाही, तिथे पूर्ण लेयरलाच मास्क लावून त्यावर काळा फिरवायचा, फिल्टरच्या मास्कवर नाही, कारण स्मार्ट ऑब्जेक्टच्या आत वायर अजून तशीच आहे. स्मार्ट शार्पनमध्ये हे भूत तुलनेत कमी सतावतं, कारण तिथे नंतरचं रिटचिंग लोक शार्प झालेल्या पिक्सेलवरच करतात, ठसा वेगळा राहत नाही. पण कॉपी केलेल्या लेयरवर स्मार्ट शार्पन करून खाली वायर काढायला गेलात तर वरची पूर्ण वायरच दिसत राहील, त्यामुळे निदान चूक लगेच कळते तरी.

स्मार्ट शार्पनमध्ये `Remove` च्या तीन पर्यायांत काय निवडायचं?

`Filter > Sharpen > Smart Sharpen` उघडलं की `Remove` खाली गॉशियन, लेन्स आणि मोशन असे तीन ब्लर दिसतात. गॉशियन म्हणजे जुना अनशार्प मास्कचाच हिशोब, वेगळं काही नाही. लेन्स ब्लर कडा आणि तपशील ओळखून काम करतो, त्यामुळे बारीक पोत जास्त उठतो आणि हेलो कमी येतात, बहुतेक वेळा हाच ठेवायचा. गोंदेश्वरच्या दगडावर मी लेन्स ब्लर, अमाउंट १२०, रेडियस १.० असं ठेवलं आणि कोरीव कामाच्या बारीक खाचा हाय पासपेक्षा सरळसरळ जास्त सुटसुटीत आल्या, हे मान्य करायलाच हवं. हाय पासमध्ये त्या खाचा "जाड" होतात, लेन्स ब्लरमध्ये "मोकळ्या" होतात, शेजारी शेजारी ठेवून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय.

मोशन ब्लरबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

लेन्स ब्लर लावल्यावर सपाट भागात किड्यांसारखी नक्षी येते, ती कशाने?

ही स्मार्ट शार्पनची स्वतःची खास खोड. ग्रेनचे ठिपके सुटे सुटे असतात, पण लेन्स ब्लरला ते तपशील वाटतात, तो त्यांना ओढून एकमेकांना जोडतो आणि मग आकाशात किंवा सावलीतल्या भिंतीवर शेवयांसारखी वळवळती जाळी दिसते. रेडियस वाढवला की आणखी वाढते. हाय पासमध्ये पण ग्रेन वाढतो, त्याला थ्रेशोल्ड वगैरे काही नाही, जे दिसेल ते शार्प करतो, पण तिथे ग्रेन नुसता खरबरीत होतो, त्याची नक्षी बनत नाही. मला विचाराल तर खरबरीत ग्रेन परवडला, डोळा त्याला कागदाचा पोत समजून सोडून देतो, नक्षी मात्र एकदा दिसली की दिसतच राहते.

अजून एक फरक इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाभाऱ्याच्या दारात जो गडद काळोख आहे, तिथला ग्रेन हाय पास ओव्हरलेने फारसा वाढला नाही, कारण काळ्याजवळ ओव्हरलेचा जोरच संपतो. स्मार्ट शार्पनने तोच ग्रेन चांगलाच वर काढला. उलट संध्याकाळचं निळं आकाश घ्या, ते नेमकं मधल्या टोनचं असतं, तिथे हाय पास ग्रेनवर पूर्ण जोराने तुटून पडतो. म्हणजे ग्रेन वाढेल की नाही यापेक्षा ग्रेन फोटोत कुठल्या उजेडात बसलाय ते आधी बघायचं.

मग `Reduce Noise` वाढवलं की झालं ना?

थोडं वाढवा, १० ते २०, त्याच्या पुढे जाताना डोळे उघडे ठेवा. हा स्लायडर शार्पनिंगमुळे उठणारा ग्रेन दाबतो, पण त्याला ग्रेन आणि त्वचेची रंध्रं यात फरक कळत नाही. मी आत्याच्या चेहऱ्यावर मुद्दाम ६० करून बघितला. भुवयांचे आणि पापण्यांचे केस कडक शार्प, आणि त्यांच्या मधली त्वचा मेणासारखी गुळगुळीत, गालावरचे बारीक केस गायब. हे नुसत्या मऊ फोटोपेक्षा वाईट दिसतं कारण एकाच चेहऱ्यावर दोन वेगळे फोटो चिकटवल्यासारखं वाटतं. पैठणीच्या जरीत पण तेच झालं, जरीची बाहेरची रेघ धारदार आणि आतली वीण पुसलेली.

ग्रेन जास्तच असेल तर तो आधी रॉमध्ये काढा, शार्पनिंगच्या खिडकीत नाही. आणि चेहऱ्यापुरतं म्हणाल तर दोन्ही पद्धतीत मास्कच कामाचा, काळा मास्क घेऊन फक्त डोळे, भुवया, ओठ, केस आणि दागिने पांढऱ्याने उघडायचे.

शिखराभोवती आकाशात पांढरी रेघ आली, स्मार्ट शार्पनमध्ये ती कशी घालवू?

खिडकीत खाली `Shadows/Highlights` असं बंद पडलेलं घर असतं, बाण दाबून ते उघडा. बरेच जण ते उघडतच नाहीत. त्यात हायलाइट्सचा `Fade Amount` मुळात शून्यावर असतो, म्हणजे स्मार्ट शार्पन उजळ भागाला अजिबात सूट देत नाही. तो वाढवत जा, मी गोंदेश्वरला ६० पर्यंत नेला, आणि `Tonal Width` ने ठरवा की किती उजळ भागापर्यंत ही सूट पोचावी. तो आकडा लहान ठेवला तर फक्त अगदी उजळ टोनवर परिणाम होतो, मोठा केला तर मधल्या टोनमध्येही शार्पनिंग मऊ होत जातं. शॅडोजचा फेड ४० केला तेव्हा गाभाऱ्याच्या दारातला ग्रेनही खाली बसला.

म्हणजे बघा, हाय पास ओव्हरले जे न सांगता करतो तेच इथे हाताने करायचं. ओव्हरलेचं बरं आहे की विसरायचा प्रश्नच नाही. पण त्याची ती सूट बदलता येत नाही, स्मार्ट शार्पनमध्ये किती आणि कुठपर्यंत ते आपल्या हातात. पांढरा सदरा, नऊवारीचं पांढरं काठ, दुधाळ ढग असं उजळ भागातच तपशील असेल तर ओव्हरले तिथे कितीही ओपॅसिटी दिली तरी मऊच राहणार, आणि लोक मग रेडियस वाढवतात आणि बाकी सगळा फोटो बिघडवतात. तिथे स्मार्ट शार्पनच घ्या.

स्मार्ट शार्पनमध्ये रंगाचा त्रास होत नाही का?

होतो, पण एकच होतो. साडी आणि जरीसारख्या दोन वेगळ्या रंगांच्या कडेवर झालर येते, कारण तो पण तिन्ही चॅनलवर चालतो. गालावरचा पिठूळ-नारिंगी प्रकार मात्र येत नाही, कारण सरळ बेरीज तिन्हीत सारखी होते, लाल-निळ्यातलं अंतर ८० ते ८० च राहतं. झालर घालवायला स्मार्ट ऑब्जेक्टवर लावून फिल्टरचा मोड ल्युमिनॉसिटी करा, किंवा साध्या लेयरवर लावला असेल तर लगेच `Edit > Fade` मध्ये जाऊन तोच मोड निवडा. लगेच म्हणजे खरंच लगेच, मध्ये दुसरं काही केलं की तो पर्याय बंद होतो.

हललेला फोटो यातल्या कशाने सुधारतो?

हाय पासने अजिबात नाही, दोन कडा दिसत असतील तर दोन्ही शार्प होतील. स्मार्ट शार्पनच्या मोशन ब्लरने थोडा, आणि तोही कॅमेरा सरळ रेषेत दोन-चार पिक्सेल हलला असेल तरच. अँगल अंदाजे टाकू नका, फोटोत एखादी चमक शोधा, डोळ्यातली किंवा नथीच्या मोत्यावरची, ती कुठल्या दिशेला लांबट झालीय ते बघा आणि तोच अँगल द्या. अँगल चुकला की कडेला समांतर दुसरी रेघ उभी राहते. माणूस हलला असेल आणि मागचं मंदिर स्थिर असेल तर मंदिरावर मास्क टाका.

आधी लहान करायचा की आधी शार्प?

आधी लहान करायचा, मग शार्प. ६००० पिक्सेलवर १.५ रेडियसने आलेली धार फोटो २०४८ चा केला की तिसऱ्या हिश्शाला येते आणि विरून जाते, मग लोकांना वाटतं की शार्पनिंग झालंच नाही आणि ते परत वरून करतात. लहान केलेल्या फोटोला रेडियस ०.३ ते ०.५ पुरतो, दोन्ही पद्धतीत. बघताना झूम १०० टक्के हवा, ६६ किंवा ३३ ला स्क्रीन स्वतःच पिक्सेल गोळा करून दाखवते, त्यावर विश्वास नको. प्रिंटला मात्र १०० टक्क्यावर किंचित जास्त वाटेल इतकं ठेवावं लागतं, कागदावर शाई पसरून थोडी धार जातेच.

गिंपमध्ये काय करू?

गिंप २.१० पासून हाय पास आहे, `Filters > Enhance > High Pass`, रेडियसच्या जागी `Std. Dev.` असतो आणि कॉन्ट्रास्टचा स्लायडर वेगळा. लेयर ओव्हरलेला टाकला की वर लिहिलेले परिणाम, रंगाचे आणि वायरचे, तिथेही येतात. स्मार्ट शार्पन नावाचं तिथे काही नाही, अनशार्प मास्क आहे आणि त्याला थ्रेशोल्ड आहे, तेवढ्याने ग्रेन जरा आवरतो.

दोन्ही एकाच फोटोवर वापरले तर?

एकावर एक चढवू नका, हाय पासने बनवलेल्या हेलोलाच स्मार्ट शार्पन नवीन कड समजतो आणि कडेला दुहेरी-तिहेरी रेघा येतात. जागा वाटून द्या. गोंदेश्वरच्या फोटोचा मी दुसऱ्यांदा प्रिंट काढला तेव्हा असं केलं. वायर आणि बाकी डाग आधी काढले. मग सगळ्याचा एक स्मार्ट ऑब्जेक्ट, त्यावर स्मार्ट शार्पन, लेन्स ब्लर, १२०, १.०, नॉइज १५, हायलाइट्सचा फेड ६०, शॅडोजचा ४०, मोड ल्युमिनॉसिटी, आणि मास्कमध्ये फक्त मंदिराचा दगड आणि पैठणी उघडी. त्याच शार्प न केलेल्या फोटोचा दुसरा स्मार्ट ऑब्जेक्ट, त्यावर हाय पास, रेडियस १.२, फिल्टरचा मोड ओव्हरले, लेयरचा ल्युमिनॉसिटी, ओपॅसिटी ४५, आणि मास्कमध्ये फक्त आत्याचे डोळे, भुवया, केस आणि नथ. दोन्ही मास्कच्या कडा मऊ, आणि जिथे पदर गळ्याला टेकतो तिथे दोघं एकमेकांवर येत नाहीत ना ते १०० टक्क्यावर फिरून तपासलं. आकाशाला काहीच लावलं नाही.

तो प्रिंट घेऊन गेलो आणि जुनी फ्रेम उतरवून त्यात घातला. आत्याने आधी नथ बघितली, मग ढगांकडे बोट केलं आणि म्हणाली, "ती रेघ गेली रे."